फळी का पडली?



दरवेळी या पानावर मी परीक्षा, शिस्त नाही तर वाचन यांविषयी लिहिते. आज मात्र माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. चूक साधीच होती, पण तिच्यापायी आमच्या घरी मोठा अनर्थ व्हायचा राहिला.

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत दिवाणाच्या वर पुस्तकांसाठी एक फळी हवी होती. मिस्त्री "कल आता हूं" म्हणून तीनदा आलाच नाही. शेवटी एका रविवारी शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन मागून आणले आणि मीच फळी ठोकली. तीन फूट लांब, आठ इंच रुंद फळी, खाली लोखंडाचे दोन कोन, प्रत्येकाला दोन स्क्रू. वर पंचवीस-तीस पुस्तके लावली आणि घरातल्या सगळ्यांकडून कौतुक करून घेतले. अकरा दिवसांनी रात्री दोन वाजता मोठा आवाज झाला. उठून पाहते तो फळी पुस्तकांसकट दिवाणावर पालथी पडलेली! त्याच दिवाणावर माझ्या सासूबाई रोज दुपारी जेवणानंतर आडव्या होतात. हेच दुपारी दोनला झाले असते तर काय, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाके दुरुस्त करायला एक वयस्कर सुतार आले होते. त्यांना मी संध्याकाळी घरी घेऊन गेले. वाटले, म्हणतील वजन फार झाले. त्यांनी फळीकडे पाहिलेच नाही. जमिनीवर पडलेला स्क्रू उचलला, त्याला चिकटून आलेली प्लास्टिकची गिट्टी पाहिली, भिंतीतल्या भोकात काडी घालून खोली मोजली आणि म्हणाले, "मैडम, गिट्टी प्लास्टर में बैठी थी, ईंट तक पहुंची ही नहीं."

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ.

आपल्या इंदुरातल्या बहुतेक घरांच्या भिंती विटांच्या असतात आणि त्यांवर आतून सिमेंटचा गिलावा, म्हणजे प्लास्टर असते. ते साधारण अर्धा ते पाऊण इंच जाड असते. आमच्याकडे ते १८ मिलिमीटर निघाले. मी वापरलेला स्क्रू एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरचा. त्यातले २-३ मिलिमीटर लोखंडी कोनाच्या जाडीतच गेले. उरलेल्या २२ पैकी १८ प्लास्टरमध्ये आणि विटेत फक्त चार! प्लास्टर हे भिंतीचे कातडे आहे, हाडे नव्हेत. त्यात गिट्टी फुगली की ते बारीक तडकते, आणि रोज थोडे थोडे ओढले गेले की एक दिवस पोपड्यासारखे सुटते. अकरा दिवस ते सुटत होते, आम्हाला दिसले नाही इतकेच. पुस्तकांमागची बारीक पांढरी भुकटी मी धूळ समजून दोनदा पुसली होती!

गिट्टी हा शब्द आपला इंदुरी. महाराष्ट्रातले नातेवाईक तिला रावल प्लग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज नावाच्या एका कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास ती तयार केली, त्याच्या नावावरून हा शब्द आला. त्याची पहिली गिट्टी प्लास्टिकची नव्हती, तागाच्या धाग्यांची होती. तत्त्व मात्र तेच. भोकात गिट्टी, गिट्टीत स्क्रू. स्क्रू आत जाताना गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून धरते. म्हणजे पकड स्क्रूची नसून त्या दाबाची असते. दाब देणारी जागा भक्कम हवी आणि भोक गिट्टीच्याच मापाचे हवे. माझे भोक मशीन हलल्यामुळे मोठे झाले होते. मी त्यात आगपेटीच्या दोन काड्या खोचून वेळ मारून नेली होती. सुतारकाकांना त्या काड्याही सापडल्या. मला विद्यार्थ्याची कॉपी पकडली गेल्यासारखे झाले.

आता बरम्याकडे येऊ. दुकानात ड्रिलचे बरमे, म्हणजे बिट, तीन प्रकारचे मिळतात आणि लांबून सारखेच दिसतात. भिंतीच्या बरम्याच्या टोकाला वेगळ्या, करड्या रंगाच्या कठीण धातूची चपटी टिकली बसवलेली असते. ती बाणाच्या फाळासारखी असून दांड्यापेक्षा जराशी रुंद असते. लाकडाच्या बरम्याला मधोमध सुईसारखे टोक असते, त्यामुळे तो लाकडावर घसरत नाही. लोखंडाचा बरमा टोकापर्यंत एकाच धातूचा असतो. लोखंडाचा बरमा विटेवर चालवला तर दोन भोकांत बोथट होतो. मशीनवर हातोड्याच्या चित्राचे जे बटन असते, त्याने बरमा फिरता फिरता ठोकेही मारतो. ते फक्त वीट आणि काँक्रीटसाठी आहे. लाकूड, लोखंड आणि बाथरूमच्या टाइल्स यांवर ते बंदच ठेवावे. टाइल तर पहिल्या ठोक्यालाच तडकते. टाइल पार होऊन वीट लागली की मगच ते चालू करावे.

भिंतीत काय आहे हे बरम्यातून पडणारी भुकटीच सांगते. सुतारकाकांनी मला भोकाखाली जुन्या वर्तमानपत्राचा दोना चिकटवायला सांगितले. घर स्वच्छ राहते आणि भुकटीचा रंगही दिसतो. आधी करडी-पांढरी भुकटी पडते, ते प्लास्टर. मग एकदम लाल पडू लागते, ती वीट. लाल सुरू झाली त्या क्षणी थांबून भोकात काडी घातली की प्लास्टरची जाडी कळते. लाल भुकटी पडता पडता पुन्हा करडी झाली, तर आपण दोन विटांमधल्या सांध्यात शिरलो आहोत. तिथे पकड कमी असते, म्हणून तीन-चार सेंटिमीटर सरकून दुसरे भोक घ्यावे. भुकटी सतत करडीच येते, बरमा पुढे सरकत नाही आणि किंचाळतो, तर तो काँक्रीटचा खांब किंवा तुळई आहे. घरगुती छोट्या मशीनने त्यात जाणे कठीण आहे. मधेच बरमा साफ अडला, तर सळई लागली असेल. जोर न करता जागा बदलावी. नव्या वसाहतींत राखेच्या करड्या विटा किंवा पांढरे हलके ब्लॉक असतात. तिथे रंगाचा हा नियम चालत नाही. हलका ब्लॉक फार मऊ असतो, त्यात हातोड्याचे बटन लावले तर भोक नुसते मोठे होते.

पण भोक पाडण्याआधी भिंतीत वीज किंवा पाणी तर नाही ना, हे पाहायला हवे. इथे मला एका यंत्राची गोष्ट सांगायची आहे. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. फळीची हकिगत ऐकून त्याने पुढच्या भेटीत एक स्टड फाइंडर आणून दिला. साबणदाणीएवढे यंत्र, भिंतीवरून फिरवले की मधेच दिवा लागतो आणि शिटी वाजते. तिकडच्या घरांत भिंती आतून पोकळ असतात. लाकडाचे उभे दांडे साधारण सोळा सोळा इंचांवर उभे करून त्यांवर अर्धा इंची जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात. जड वस्तू टांगायची तर स्क्रू दांड्यातच जायला हवा. दांडा म्हणजे स्टड, आणि तो शोधणारे हे यंत्र. पत्र्यामागे दांडा आला की भिंतीचा तो भाग जास्त भरीव होतो, हा फरक यंत्राला कळतो.

आमच्या भिंतीवर मात्र ते कुठेही वाजू लागले! विटेची भिंत सगळीकडे भरीवच असते, तिच्यात दांडा नसतो. त्यात प्लास्टर कुठे जाड, कुठे पातळ, कुठे ओल धरलेले. यंत्र त्यालाच फसते. आपल्याकडे त्याचा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक, नव्या कार्यालयांत आणि फ्लॅटांत जिप्समच्या पडद्या नि छते असतात. त्यांच्या आत लोखंडी पन्हळीच्या पट्ट्या असतात, त्या यंत्राला सापडतात. साधे लोहचुंबक दोऱ्याला बांधून फिरवले तरी पट्टीवरच्या स्क्रूपाशी ते चिकटते. दुसरा उपयोग विजेची चालू तार ओळखण्याचा. मात्र ते वाजले तर थांबावे, आणि वाजले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. तार खोल असेल किंवा त्या वेळी तिच्यात वीज नसेल, तर यंत्र गप्प राहते.

त्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली, तसेच बोर्डाच्या पातळीत आडवे, वीतभर रुंदीचा पट्टा सोडून द्यावा. तारा बहुधा तिथूनच जातात. भिंतीची दुसरी बाजू पाहून यावी. पलीकडे स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर असेल, तर नळाच्या वर-खालीही भोक नको. आणि त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करून मशीनला दुसऱ्या खोलीतून तार ओढून घ्यावी.

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आजही काही जुने वाडे आहेत, तिथे राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. त्याच काळच्या रीतीने अनेक वाड्यांच्या भिंतींतही लाकडी खांब असतात आणि मधली जागा विटा-मातीने भरलेली असते. म्हणजे इथे आपल्याला खरोखरच 'स्टड' आहेत! पण चुन्याचा गिलावा इतका जाड असतो की यंत्राला ते लागत नाहीत. बोटांच्या सांध्यांनी ठोकत गेले की आवाज बदलतो, आणि बहुधा खांबाच्या कडेने गिलाव्यात उभी बारीक भेग असते. खांबात गिट्टी लागत नाही. पाच मिलिमीटरच्या स्क्रूसाठी तीन मिलिमीटरचे भोक लाकडाच्या बरम्याने पाडावे, स्क्रूच्या आट्यांना साबण चोळावा आणि सरळ पिळावा. आवाज पोकळ आला किंवा बरम्याला चोथा लागला, तर वाळवी आहे. मग तिथे कॅलेंडरच टांगावे.

आता पेचकस. हिंदी माध्यमातून शिकल्यामुळे माझ्या तोंडी हाच शब्द येतो, मराठीत आपण स्क्रू ड्रायव्हर म्हणतो. आपल्या बहुतेक घरांत पेचकस म्हणून जे असते तो असतो टेस्टर! त्याचे काम तारेत वीज आहे का हे दाखवणे. त्याचे टोक अरुंद, दांडी बारीक. त्याने मोठा स्क्रू पिळला की टोक वाकते, मूठ तडकते, आणि मग वीज तपासायलाही तो सुरक्षित राहत नाही. माझे चारही स्क्रू मी टेस्टरने पिळले होते. शेवटचे आटे पिळले जाईनात, तेव्हा हातोडीने ठोकून बसवले. ठोकलेला स्क्रू गिट्टी फुगवत नाही, तिला आतून खरवडतो.

चपट्या खाचेच्या स्क्रूसाठी चपटा पेचकस लागतो, त्याचे पाते खाचेइतकेच रुंद आणि खाचेत हलणार नाही इतके जाड हवे. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेसाठी प्लसचा पेचकस. ही खाच हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. तिच्यात टोक आपोआप मध्यावर बसते, म्हणून कारखान्यांना ती आवडली. प्लसच्या पेचकसला क्रमांक असतात. एक नंबर बारीक स्क्रूंना, दोन नंबर घरातल्या बहुतेक स्क्रूंना, तीन नंबर जाड स्क्रूंना. दोन नंबरच्या स्क्रूला एक नंबर लावला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण जोर देताच उसळून बाहेर येतो आणि खाच खाऊन टाकतो. परीक्षा सोपी आहे. स्क्रू पेचकसच्या टोकावर आडवा धरून पाहावा, डुगडुगला तर माप चुकले. सियागंजच्या दुकानात मी स्क्रू सोबत नेला आणि तिथेच बसवून पेचकस घेतला.

राहिली लेवल. माझी पहिली फळी मी जमिनीपासून दोन्हीकडे सारखे अंतर मोजून लावली होती. तरी ती एका बाजूला कललेली होती, कारण फरशीलाच पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो. छताचेही तसेच. म्हणून मोजायचे ते लेवल पट्टीने, म्हणजे पाणसळीने. तिच्यातल्या वाकड्या नळीत पाणी नसते, स्पिरिट असते, म्हणून इंग्रजीत तिला स्पिरिट लेवल म्हणतात. नळीतला बुडबुडा नेहमी सर्वांत उंच जागी जातो, दोन रेघांच्या बरोबर मधे आला की पट्टी आडवी सपाट. पण पट्टीच चुकीची असली तर? तिची परीक्षा घरीच होते. टेबलावर ठेवून बुडबुडा कुठे आहे ते पाहा, मग पट्टीची टोके उलटसुलट करून त्याच जागी ठेवा. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला गेला, तर दोष टेबलाचा. पट्टी फिरवल्यावर तो दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष पट्टीचा. लांब भिंतीसाठी मिस्त्री पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिच्या दोन टोकांचे पाणी एकाच पातळीत राहते. फक्त नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा.

आता दुसऱ्यांदा फळी कशी लावली ते सांगते. पुस्तके आणि फळी मिळून वजन भरले सुमारे १५ किलो. फळी आठ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद, तेव्हा वजनाचा मध्य भिंतीपासून १० सेंटिमीटरवर. हे वजन फळीला पुढे उलथू पाहते. त्यामुळे कोनाचा खालचा भाग भिंतीत दाबला जातो आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा. वरचा स्क्रू कोनाच्या खालच्या टोकापासून ५ सेंटिमीटर उंच असेल, तर बाहेरची ओढ १५ गुणिले १०, भागिले ५, म्हणजे ३० किलोची. तोच २० सेंटिमीटर उंच असेल, तर ओढ साडेसात किलोची. माझे पहिले कोन छोटे होते. शिवाय फळीला आधार जास्त मिळेल म्हणून मी त्यांची लांब बाजू फळीला आणि आखूड बाजू भिंतीला लावली होती. अगदी उलट! लांब बाजू भिंतीलाच हवी.

या वेळी मोठे कोन घेतले. आधी एकाच कोनाच्या वरच्या भोकाची खूण केली. आठ मिलिमीटरच्या बरम्यावर टोकापासून ६५ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे खोली आपोआप कळते. डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हातांनी मशीन, आणि सुरुवात हातोड्याचे बटन न लावता, सावकाश. करडी भुकटी, मग लाल. मग हातोड्याचे बटन लावले. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवली, कारण ती राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही. दोन इंची, आठ मिलिमीटरची गिट्टी हातोडीच्या हलक्या टकटकीने बसली. अंगठ्याने सहज गेली असती तर भोक सैल समजायचे. अडीच इंची, पाच मिलिमीटर जाड स्क्रू पेचकसने पिळला, शेवटचे तीन-चार फेरे चांगले जड गेले. तीच खूण. मग कोनाचा खालचा स्क्रू, मग फळी ठेवून लेवल पट्टीने दुसऱ्या कोनाची जागा ठरवली. एका भोकात सांधा लागला, म्हणून ते सोडून कोन जरा बाजूला घेतला.

लगेच पुस्तके ठेवली नाहीत. दोन दिवस फळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, एकूण वीस लिटर, म्हणजे वीस किलो. कोन आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड सरकते का ते सकाळ-संध्याकाळ पाहिले. सरकले नाही, खाली भुकटीही पडली नाही. तेव्हा पुस्तके लावली.

आज आमच्या घरी एका डब्यात चपटा एक, प्लसचे एक आणि दोन नंबर, वेगळा टेस्टर, एक फुटी लेवल पट्टी, दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक, भिंतीचे सहा आणि आठ मिलिमीटरचे बरमे, लाकडाचा तीनचा एक आणि चष्मा इतके सामान आहे. भाच्याचे यंत्रही त्यातच आहे. मुलांनी पेचकस आणि लेवल जरूर हाताळावी. ड्रिल मात्र घरातल्या मोठ्यांनीच धरावे, मुलांनी दोना धरून भुकटीचा रंग सांगावा.

आणि एक गोष्ट मी केली, ती सुतारकाकांनी सांगितली नव्हती. सगळे नीट बसल्यावरही दिवाण तिथून हलवून समोरच्या भिंतीला लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता तर पक्की झाली ना फळी?" मी म्हटले, "हो आई, झाली. पण तुम्ही इकडेच झोपा."